गेटवर ‘आउट’ लिहायचं राहिलं: परदेशातून परतलेल्यांना दिवसांचा हिशेब विचारणारी आयकराची नोटीस

परदेशातल्या नोकरीला रामराम ठोकून माणूस गावी येतो, सामान लावतो, मुलांच्या शाळा शोधतो. वर्ष-दीड वर्षानंतर एक दिवस आयकर खात्याचा ईमेल येतो. त्यात विचारलेलं असतं: आपण स्वतःला अनिवासी म्हणवलं आहे, त्याला पुरावा काय? कोणत्या वर्षी किती दिवस भारतात होता, तारखांसह कळवा.

“अहो, मी दुबईतच होतो, अख्ख्या जगाला माहीत आहे,” हे पहिलं उत्तर माझ्यासमोर बसलेल्या जवळजवळ प्रत्येकाने दिलेलं आहे. जगाला माहीत असेलही, पण असेसिंग अधिकाऱ्यासमोर तुम्ही नसता, कागद असतो. आणि कधीकधी तो कागद तुमच्याविरुद्ध बोलतो. हे कसं होतं आणि त्याला उत्तर कसं द्यायचं, ते एकाच प्रकरणातून पाहू. माणसाची ओळख आणि तपशील बदलले आहेत, हिशेब मात्र पै न पै तपासून पाहता येईल असा ठेवला आहे.

## आधी हजेरीपट समजून घेऊ

आयकरात तुम्ही ‘रहिवासी’ की ‘अनिवासी’ हे ठरतं ते भारतात काढलेल्या दिवसांवरून. पासपोर्टचा रंग, मतदार यादी, आधार, मनातली ओढ यांचा इथे संबंध नाही. शाळेत वर्षअखेरी हजेरी मोजतात तसं 1 एप्रिल ते 31 मार्च मोजायचं. त्या काळात भारतात 182 दिवस किंवा जास्त असाल, तर रहिवासी. इथवर सगळ्यांना माहीत असतं.

दुसरी अट मात्र लोक विसरतात. वर्षात 60 दिवस किंवा जास्त भारतात होता, आणि त्याआधीच्या चार वर्षांत मिळून 365 दिवस किंवा जास्त होता, तरीही तुम्ही रहिवासी. हे दोन्ही आकडे भरले पाहिजेत, एकाने भागत नाही.

या 60 दिवसांना सवलती आहेत. नोकरीसाठी देश सोडून जाता त्या वर्षी 60 ऐवजी 182 धरतात. परदेशात राहणारा भारतीय नागरिक किंवा भारतीय वंशाचा माणूस ‘भेटीला’ आला, तर त्यालाही 182. मात्र परदेशी उत्पन्न सोडून बाकीचं उत्पन्न 15 लाखांच्या वर असेल, तर भेटीची ही मर्यादा 120 दिवसांवर येते.

रहिवासी ठरलात तरी लगेच जगभरच्या कमाईवर कर लागतो असं नाही. मधे एक पायरी आहे. तिचं कायदेशीर नाव जिभेला न झेपणारं असल्याने सगळे ‘आरएनओआर’ म्हणतात: रहिवासी खरा, पण सर्वसाधारण नव्हे. मागच्या दहा वर्षांपैकी नऊ वर्षं तुम्ही अनिवासी होता, किंवा मागच्या सात वर्षांत मिळून भारतातले दिवस 729 पर्यंतच आहेत, तर ही पायरी मिळते. तिच्यावर असेपर्यंत परदेशातल्या पगाराला भारतात कर लागत नाही. परतणाऱ्यांसाठी ही मोठी ढाल आहे, आणि तीही दिवसांवरच उभी आहे.

1 एप्रिल 2026 पासून नवा आयकर कायदा लागू झाला, ‘कर वर्ष’ हा शब्द आला, पण दिवसांचे हे आकडे तेच राहिले. शिवाय जुन्या वर्षांची प्रकरणं जुन्याच कायद्याने चालतात, म्हणून खालचा हिशेब त्याच भाषेत आहे.

## प्रकरण: एक इंजिनिअर, दोन पासपोर्ट

हे गृहस्थ 10 सप्टेंबर 2016 रोजी नोकरीसाठी दुबईला गेले आणि 5 फेब्रुवारी 2024 रोजी कायमचे परत आले. भारतातलं उत्पन्न म्हणजे एका फ्लॅटचं भाडं आणि ठेवीवरचं व्याज, 15 लाखांच्या कितीतरी खाली. 2023-24 या वर्षाचं विवरणपत्र त्यांनी अनिवासी म्हणून भरलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये तपासणीची नोटीस आली आणि काही महिन्यांनी प्रश्नावली.

प्रश्नावलीतला महत्त्वाचा परिच्छेद असा होता: खात्याकडच्या प्रवासाच्या नोंदींनुसार तुम्ही 2023-24 मध्ये 75 दिवस आणि त्याआधीच्या चार वर्षांत 450 दिवस भारतात होता. तेव्हा तुम्हाला रहिवासी का धरू नये?

75 वर वाद नव्हताच. गणपतीला आले ते 14 सप्टेंबर ते 2 ऑक्टोबर 2023, म्हणजे 19 दिवस. मग 5 फेब्रुवारी ते 31 मार्च 2024. फेब्रुवारी 29 दिवसांचा होता, म्हणून 25 अधिक 31, एकूण 56. दोन्ही मिळून 75.

450 वर मात्र ते खुर्चीतून उठलेच. “मी काय सहा-सहा महिने येऊन राहत होतो काय?”

आकडा इतका का महत्त्वाचा, ते पाहा. 450 खरे मानले तर 365 ची अट भरते आणि ते रहिवासी ठरतात. ढाल उरते का? देश सोडला 2016 मध्ये, त्यामुळे दहापैकी नऊ वर्षं अनिवासी असण्याचा प्रश्नच नव्हता. उरले सात वर्षांचे 729 दिवस. गेले त्या वर्षी, 2016-17 मध्ये, 163 दिवस इथे होते. पुढच्या दोन वर्षांत 58 आणि 64. त्यात 450 मिळवा: 735. मर्यादेपेक्षा सहा दिवस जास्त. म्हणजे ढालही गेली. मग एप्रिल 2023 ते जानेवारी 2024 या दहा महिन्यांचा दुबईचा पगार, सुमारे 40 लाख रुपये, भारतात करपात्र. एकट्या पगारावर नऊ लाखांच्या आसपास कर, वर व्याज, शिवाय शेवटी मिळालेल्या ग्रॅच्युइटीचा प्रश्न वेगळा.

## 450 आले कुठून?

सोसायटीच्या गेटवरची वही आठवा. पाहुणा आला, वॉचमनने ‘इन’ची वेळ लिहिली. जाताना पाहुणा दुसऱ्या गेटने गेला आणि त्याचं ‘आउट’ दुसऱ्या वहीत पडलं. पहिलीच वही वाचणाऱ्याला वाटणार, पाहुणा अजून वरच आहे.

इथे नेमकं तेच झालं होतं. 8 नोव्हेंबर 2021 रोजी ते जुन्या पासपोर्टवर मुंबईत उतरले. मुदत संपत आली होती, म्हणून त्याच सुट्टीत पासपोर्टचं नूतनीकरण केलं आणि 12 डिसेंबरला परत गेले ते नव्या पासपोर्टवर. जुन्या क्रमांकाखाली आगमन आहे, प्रस्थान नाही. नव्या क्रमांकाखाली पहिलीच नोंद प्रस्थानाची, तिच्याआधी आगमन नाही. अधिकाऱ्याच्या हिशेबात 8 नोव्हेंबरनंतरची पुढची पकडलेली तारीख होती 22 मे 2022, पुढच्या सुट्टीचं आगमन. मधला सगळा काळ त्यांनी भारतात धरला.

हे आम्हाला कळलं ते उलटं मोजून. 2021-22 मध्ये खरे दिवस 35 होते, त्यांच्या आकड्यात 144. म्हणजे 109 जास्त. 2022-23 मध्ये खरे 66, त्यांच्याकडे 117. म्हणजे 51 जास्त. 8 नोव्हेंबरपासून 31 मार्चपर्यंत मोजलं की बरोबर 144 येतात, आणि 1 एप्रिल ते 21 मे बरोबर 51. चूक कुठल्या तारखांच्या मधे आहे ते हिशेबानेच सांगितलं.

नोटीस आली की हेच पहिलं काम: रागावण्याआधी त्यांचा आकडा उलगडा. फरक कुठल्या वर्षात आहे ते काढा आणि त्या वर्षातली कोणती फेरी लांबवली की तो फरक भरून निघतो ते पाहा. नोटिशीत वर्षवार आकडे नसतील, तर ज्या नोंदींवर भिस्त ठेवली आहे त्यांची प्रत लेखी मागा. तुमच्याविरुद्ध वापरायचा कागद तुम्हाला दाखवायला हवा, हे साधं न्यायाचं तत्त्व आहे आणि मागितल्यावर तो बहुधा मिळतो.

## आपला तक्ता कसा बांधायचा

आम्ही उत्तरासोबत दिलेला तक्ता हा असा. येण्याचा आणि जाण्याचा, दोन्ही दिवस भारतातच धरले आहेत. का, ते पुढे सांगतो.

| आर्थिक वर्ष | भारतातला मुक्काम | दिवस | वर्षाची बेरीज |
|---|---|---|---|
| 2019-20 | 20 मे ते 18 जून 2019 | 30 | |
| | 14 ते 31 मार्च 2020 | 18 | 48 |
| 2020-21 | 1 एप्रिल ते 19 ऑगस्ट 2020 | 141 | 141 |
| 2021-22 | 8 नोव्हेंबर ते 12 डिसेंबर 2021 | 35 | 35 |
| 2022-23 | 22 मे ते 20 जून 2022 | 30 | |
| | 24 डिसेंबर 2022 ते 28 जानेवारी 2023 | 36 | 66 |
| | चार वर्षांची बेरीज | | 290 |

365 ला 75 दिवस कमी. म्हणजे 2023-24 मध्ये ते अनिवासीच. आणि वादासाठी रहिवासी धरलं, तरी सात वर्षांची बेरीज 290 अधिक 285, म्हणजे 575. 729 च्या बरीच आत, ढाल शाबूत. दोन्ही दरवाजे बंद करणारं उत्तर एकाच तक्त्यात आलं.

31 मार्चला फेरी तोडून दोन वर्षांत वाटायची, हे वर 2020 च्या फेरीत दिसतंच. घरी बसून मोजणारे इथे हमखास चुकतात. सगळी फेरी आल्या वर्षात टाकतात किंवा मार्चचे दिवस दोनदा मोजतात. मोजायला स्प्रेडशीट वापरा. जाण्याची तारीख B2 मध्ये आणि येण्याची A2 मध्ये असेल तर सूत्र एवढंच:

```
=B2-A2+1
```

शेवटचा एक विसरला की प्रत्येक फेरीत एक दिवस कमी पडतो.

## कागद कोणते, आणि कोणाच्या शब्दाला किती वजन

तक्ता म्हणजे फक्त तुमचं म्हणणं. त्यातल्या प्रत्येक तारखेला कागदाचा टेकू लागतो, आणि सगळे कागद सारख्या वजनाचे नसतात.

सर्वांत वजनदार म्हणजे पासपोर्टवरचे भारतीय इमिग्रेशनचे शिक्के. दोन्ही पासपोर्टच्या सगळ्या पानांच्या प्रती द्यायच्या, कोरी पानंसुद्धा. निवडक पानं दिली की अधिकाऱ्याला पहिली शंका येते ती न दिलेल्या पानांची.

या प्रकरणातलं हुकमाचं पान कोणतं होतं सांगू? नव्या पासपोर्टचं शेवटचं पान. तिथे आईवडिलांची नावं आणि पत्ता असतो, आणि त्याखाली जुन्या पासपोर्टचा क्रमांक, तो दिल्याची तारीख आणि ठिकाण छापलेलं असतं. दोन वह्या एकाच माणसाच्या आहेत हे सरकारनेच तिथे लिहून दिलं आहे. त्या पानाची प्रत वर ठेवली, खाली जुन्या पासपोर्टवरचा 8 नोव्हेंबरचा आगमनाचा शिक्का, त्याखाली नव्या पासपोर्टवरचा प्रस्थानाचा. तीन पानांत गोष्ट संपली.

हे जमलं कारण त्यांनी कोपरे कापलेला, रद्द झालेला जुना पासपोर्ट फेकला नव्हता. ठेवला होता तो मात्र नशिबाने. दुबईचा व्हिसा तेव्हा जुन्या पासपोर्टवरच चिकटवलेला होता, म्हणून दोन्ही पासपोर्ट रबरबँड लावून बरोबर घेऊन फिरावं लागे.

दुसऱ्या नंबरचा पुरावा समोरच्या देशाचा. भारतातून तुम्ही गेलात याची उलटी बाजू म्हणजे तिथे पोचलात. संयुक्त अरब अमिरातीत प्रवेश-निर्गमनाचा अधिकृत अहवाल मिळतो. दुबईच्या व्हिसाधारकांना तो तिथल्या रेसिडेन्सी खात्याकडून आणि इतर अमिरातींच्या लोकांना संघराज्याच्या ओळखपत्र प्राधिकरणाकडून. आमच्या गृहस्थांनी तो परतण्याआधीच काढून ठेवला होता. एमिरेट्स आयडी चालू असताना हे काम सोपं जातं, नंतर धावपळ होते. अमेरिकेत हीच सोय आय-94 च्या संकेतस्थळावर आहे, कॅनडात सीमा सेवा खात्याकडे ट्रॅव्हलर हिस्टरी मागता येते, ऑस्ट्रेलियात गृह खातं मूव्हमेंट रेकॉर्ड देतं.

या दुसऱ्या पुराव्याचं महत्त्व दिवसेंदिवस वाढतं आहे, कारण शिक्केच नाहीसे होत आहेत. दुबईचे स्मार्ट गेट शिक्का मारत नाहीत. सिंगापूरने परदेशी पाहुण्यांच्या पासपोर्टवर शिक्का मारणं 2020 च्या अखेरीस बंद केलं. युरोपात ऑक्टोबर 2025 पासून शिक्क्यांची जागा संगणकीय नोंद घेते आहे. भारतातही मोठ्या विमानतळांवर नोंदणी केलेल्या प्रवाशांसाठी स्वयंचलित फाटकं आली. मिनिटं वाचतात हे खरं, पण पुढे दिवस सिद्ध करायची वेळ आली तर वहीत काही नसतं.

तिसऱ्या नंबरला बोर्डिंग पास, ई-तिकीट आणि विमान कंपनीच्या फ्रीक्वेंट फ्लायर खात्यातली फेऱ्यांची यादी. तिकीट एकटं कमजोर पडतं: तिकीट काढलं म्हणजे विमानात बसलातच असं नाही. शेवटी मालकाचं पत्र आणि रजेची नोंद, तिथलं भाडेपत्र, डेबिट कार्डाने दुबईत केलेल्या खरेदीचं स्टेटमेंट. ही सगळी साथीला. एखादा शिक्का पुसट असेल तिथे फार उपयोगी, एरवी त्यांचा ढीग घालून उत्तर जड करू नये, असं माझं मत आहे. सत्तर पानांच्या जोडपत्रात तीन हुकमी पानं हरवतात.

## मध्यरात्रीच्या विमानाचं काय?

आपल्याकडची बरीच आखाती विमानं अपरात्री सुटतात, त्यामुळे हा गोंधळ नेहमीचा. 2021 च्या परतीच्या फेरीत इमिग्रेशनचा शिक्का होता 11 डिसेंबरचा, कारण ते रात्री अकराच्या सुमारास काउंटर ओलांडून आत गेले. विमान सुटलं मध्यरात्रीनंतर. तिकिटावर 12 डिसेंबर, दुबईच्या अहवालातही 12 डिसेंबर.

अधिकारी विचारू शकतो, शिक्का 11 चा आणि तक्त्यात 12 कशी? उत्तर सरळ आहे. शिक्का मारला तरी माणूस विमानतळावर, म्हणजे भारतातच होता. आम्ही 12 धरली, म्हणजे स्वतःच्या विरुद्ध एक दिवस जास्त मोजला, आणि तक्त्याखाली एका ओळीत तसं लिहिलं. विसंगती आपण आधी दाखवली की ती विसंगती राहत नाही. त्यांनी शोधून काढली तर मात्र बाकीच्या तारखांवरही सावली पडते.

## येण्याचा दिवस मोजायचा की नाही?

यावर निकाल दोन्ही बाजूंचे आहेत. अग्रिम निर्णय प्राधिकरणाने एका प्रकरणात दोन्ही दिवस भारतातले धरले. काही आयकर न्यायाधिकरणांनी येण्याचा दिवस वगळला. कारण दिलं ते असं की, अमुक तारखेपासून मोजताना पहिला दिवस सोडायचा, असा सर्वसाधारण कायद्यांचा नियम आहे.

माझा सल्ला व्यवहाराचा. दोन्ही दिवस मोजूनही तुम्ही मर्यादेत बसत असाल, तर तसंच मोजा आणि हा वाद उघडूच नका. आमच्याकडे 75 दिवसांची जागा होती. पण तुमचा आकडा 183 येत असेल आणि दोन फेऱ्यांचे येण्याचे दिवस वगळल्यावर 181 होत असेल, तर तेव्हा हे निकाल बाहेर काढायचे. तोवर ते कपाटात बरे.

## “मी भेटीला आलो होतो, मग मला 182 ची सवलत नाही का?”

हा आक्षेप मला नेहमी ऐकू येतो आणि तो चुकीचाही नाही. 60 ऐवजी 182 ची सवलत लागली असती तर 75 दिवसांवर प्रश्नच मिटला असता, मागची चार वर्षं उकरायची गरज नव्हती.

अडचण ‘भेट’ या शब्दात आहे. गणपतीला आले ती भेटच. पण 5 फेब्रुवारीला बिऱ्हाड घेऊन आले, नोकरी सोडून आले, ती भेट कशी म्हणायची? अधिकाऱ्याचं म्हणणं हेच होतं. दुसऱ्या बाजूने मांडता येण्यासारखं आहे, वकील ते मांडतातही, पण हा शब्दाच्या अर्थाचा वाद आहे. तो अपिलात वर्षानुवर्षं चालू शकतो. 290 हा आकडा आहे, त्याला अर्थ लावावा लागत नाही. म्हणून उत्तराची इमारत आकड्यावर उभी केली आणि सवलतीचा मुद्दा शेवटी, ‘याला बाध न येता’ असं म्हणून दोन ओळींत ठेवला.

## “कोविडमध्ये अडकलो होतो, ते दिवस तरी वगळा”

2020 मध्ये हे गृहस्थ 14 मार्चला आठवड्याभरासाठी म्हणून आले आणि 19 ऑगस्टपर्यंत अडकले. तक्त्यातले 141 दिवस ते हेच. त्यांना वाटत होतं की हा काळ सरकारने माफ केला आहे.

माफी झाली होती, पण छोटी. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाच्या मे 2020 च्या परिपत्रकाने 22 ते 31 मार्च 2020 हे अडकलेले दिवस 2019-20 चं स्थान ठरवताना वगळायला सांगितले. पुढच्या वर्षासाठी अशी सरसकट सूट दिली नाही. मार्च 2021 च्या परिपत्रकात मंडळाने दुहेरी कर भरावा लागत असेल तर वेगळा अर्ज करा, एवढंच म्हटलं. त्यामुळे 2020 चा उन्हाळा तुमच्या चार आणि सात वर्षांच्या बेरजेत येतो असंच धरून चाला. इथे तो धरूनही 290 झाले.

## “बँकेने खातं बदललं, मग मी त्या दिवसापासून रहिवासी नाही का?”

बँकेचा नियम परकीय चलनाच्या कायद्यातून येतो आणि तो हेतू पाहतो. कायमचे परतलात की एनआरई खातं बदलायला सांगतात. आयकर दिवस मोजतो आणि अख्ख्या वर्षाला एकच शिक्का मारतो. फेब्रुवारीपर्यंत अनिवासी आणि नंतर रहिवासी अशी फाळणी आयकरात नाही. म्हणून बँकेच्या लेखी फेब्रुवारी 2024 पासून निवासी आणि आयकराच्या लेखी मार्चअखेर अनिवासी, हे एकाच वेळी खरं असू शकतं. प्रश्नावलीत बँकेच्या पत्राचा दाखला आलाच, तर एवढंच समजावून लिहायचं.

उलट प्रश्नही येतो: अमिरातीचं कर-रहिवासी प्रमाणपत्र आहे, ते पुरत नाही का? ते दोन देशांमधल्या कर कराराखाली कामाला येतं, म्हणजे दोन्ही देशांनी तुम्हाला रहिवासी म्हटलं तर. असेल तर जोडा. पण भारतातले दिवस किती, हा प्रश्न त्याने सुटत नाही.

## उत्तर पाठवताना

आधी नोटीस खरी आहे का ते पाहा. तिच्यावर डीआयएन नावाचा क्रमांक असतो आणि incometax.gov.in वर तो पडताळता येतो. ईमेलमधल्या लिंकवर क्लिक न करता स्वतः लॉगिन करून `e-Proceedings` मध्ये जा. खरी असेल तर तिथे दिसेल. मुदत कमी असेल तर ती संपण्याआधी तिथूनच वाढवून मागा. गप्प राहिलात, तर अधिकारी त्याच्याकडच्या आकड्यांवर आदेश काढू शकतो. मग 450 हेच सत्य.

आमचं उत्तर दीड पानाचं होतं. पहिल्या परिच्छेदात निष्कर्ष: चार वर्षांत 450 नव्हे, 290 दिवस. दुसऱ्यात फरक कुठे: 13 डिसेंबर 2021 ते 21 मे 2022 हे 160 दिवस चुकून भारतात धरले गेले, कारण पासपोर्टचा क्रमांक मधे बदलला. तिसऱ्यात पुरावा, पानांच्या क्रमांकासह. मग तक्ता, आणि शेवटी ती दोन ओळींची सवलत. विवरणपत्रात चार वर्षांच्या दिवसांच्या रकान्यात त्यांनी अंदाजे 300 लिहिलं होतं. तेही आपणहून कबूल केलं: अंदाज होता, मोजल्यावर 290 निघाले, निष्कर्ष बदलत नाही.

अधिकाऱ्याने दोन्ही पासपोर्टच्या मूळ प्रती पुन्हा स्पष्ट स्कॅन करून मागवल्या, इतकंच. विवरणपत्रातलं स्थान तसंच मान्य झालं.

## आणि त्याच तक्त्याचं पुढचं पान

उत्तर गेल्यावर त्यांनी विचारलं, “आता सुटलो ना?” 2023-24 पुरते सुटले. पण तोच तक्ता आम्ही पुढे ओढला.

2024-25 मध्ये ते वर्षभर इथेच, म्हणजे रहिवासी यात शंका नाही. मागची सात वर्षं आता 2017-18 पासून मोजायची: 58, 64, 290 आणि 75. बेरीज 487. आरएनओआर. दुबईच्या बँकेतल्या ठेवीवर तिथे जमा झालेल्या व्याजाला त्या वर्षी भारतात कर नाही.

2025-26 ला 2017-18 चे 58 गळून पडतात आणि 2024-25 चे 365 आत येतात. बेरीज 794. ढाल संपली. त्या वर्षापासून दुबईचं व्याज भारतात दाखवायचं, आणि विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात ते खातंही लिहायचं, शिल्लक किरकोळ असली तरी. त्यांना वाटत होतं, परतल्यावर तीन वर्षं तरी सूट मिळतेच, मित्रांनी तसं सांगितलं होतं. मित्र 2005 पासून तिकडे होते, त्यांचा हजेरीपट वेगळा.

त्या बँक खात्यात तेव्हा अकराशे दिरहम होते. त्यांनी ते त्याच आठवड्यात बंद करायला टाकलं.